काळं आलवण, काळं कुंकू: रंगीत केलेल्या जुन्या फोटोत आत्या ओळखू का येत नाही

नागपूरच्या महाल भागातला वाडा विकायला निघतो. माळ्यावरची लोखंडी पेटी खाली येते आणि तिच्यात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक ग्रुप फोटो सापडतो. घरातलं कोणीतरी मोबाईलने त्याचा फोटो काढतं, एखाद्या ॲपमधून तो रंगीत करतं आणि संध्याकाळपर्यंत धरमपेठेपासून अमेरिकेपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांकडे तो पोचतो. मग नव्वदीला टेकलेल्या माईंना विचारतात, "यातली तुमची आत्या कोणती?" माई चष्मा पुसतात, फोन डोळ्यांजवळ धरतात अन् म्हणतात, "यात तं आत्या नाहीच बाप्पा."

आत्या फोटोत असते. माईंची आठवणही शाबूत असते. गडबड मधल्या तीन पायऱ्यांवर झालेली असते: फोटो ज्या काचेच्या प्लेटवर घेतला तिने लाल रंग पाहिलाच नाही, सॉफ्टवेअरने त्या न पाहिलेल्या रंगाच्या जागी दुसराच रंग भरला, आणि चेहरा 'स्वच्छ' करताना ओळखीच्या खुणा पुसल्या गेल्या. हे कसं होतं ते एकाच फोटोवर सविस्तर पाहू. फोटो उदाहरणासाठी रचलेला आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट जुन्या घरांत सापडणाऱ्या फोटोंत वारंवार दिसते.

फोटो साधारण १९३० च्या सुमाराचा. पुठ्ठा सव्वाचार बाय साडेसहा इंच, म्हणजे तेव्हाचा 'कॅबिनेट' आकार. सात माणसं. डावीकडून दुसरी बाई विधवा आत्या, डोक्यावरून पदर, लाल आलवण नेसलेली. चौथी तिची भावजय, काळी चंद्रकळा नेसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात सोन्याची ठुशी. पाचवी भावजयीची धाकटी जाऊ, निळ्या लुगड्यात. मधे खुर्चीवर आजोबा, लाल पगडी घातलेले.

प्रिंटमध्ये आलवण काळं आहे. चंद्रकळा काळी आहे. कुंकू काळं, पगडी काळी. आणि निळं लुगडं मात्र फिकट राखाडी, जवळजवळ चेहऱ्याइतकंच उजळ.

प्लेटला लाल दिसत नव्हता

फोटो ज्या चांदीच्या क्षारांवर उमटतो, ते मुळात फक्त निळ्या, जांभळ्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देतात. १८७३ मध्ये हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आढळलं की क्षारांत विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली तर ते हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देऊ लागतात. त्यातून पुढे 'ऑर्थोक्रोमॅटिक' प्लेटा आल्या. निळा, हिरवा, थोडा पिवळा त्यांना दिसायचा, लाल नाही. लालसकट सगळे रंग पकडणाऱ्या 'पॅनक्रोमॅटिक' प्लेटा इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने १९०६ मध्ये बाजारात आणल्या. म्हणून १९०६ नंतरचे सगळे फोटो पॅनवर काढले असं मात्र कोणी समजू नये. ऑर्थो प्लेट लाल दिव्याच्या उजेडात, डोळ्यांनी बघत बघत डेव्हलप करता येते. पॅन प्लेटला तोच लाल दिवा खराब करतो, त्यामुळे काम अंधारात, घड्याळाच्या अंदाजाने करावं लागतं. हात बसलेला स्टुडिओवाला आपला लाल दिवा सहजासहजी का सोडेल?

ऑर्थो प्लेटने आपल्या फोटोचं काय केलं, ते थोड्या आकड्यांत बघू. संगणकावर प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत मांडतात, प्रत्येक ० ते २५५. आपला डोळा उजळपणा ठरवताना हिरव्याला सर्वात जास्त वजन देतो, लालला त्याहून कमी, निळ्याला अगदी थोडं. संगणकाचं नेहमीचं सूत्र त्याच प्रमाणात आहे: लालचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ टक्के, निळ्याचे ११ टक्के. ऑर्थो प्लेटसाठी ढोबळमानाने लाल शून्य धरू आणि हिरवा-निळा निम्मे निम्मे. खऱ्या प्लेटचं वागणं याहून गुंतागुंतीचं असतं, पण दिशा हीच.

आलवणाचा गडद लाल समजा १५०, २५, ३५. डोळ्याच्या सूत्राने त्याचा उजळपणा ६४ येतो, प्लेटच्या हिशोबाने ३०. काळ्या चंद्रकळेचा रंग समजा ३०, २८, ३०. डोळ्याला ती २९, प्लेटलाही २९. म्हणजे समोरासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला ज्या दोन लुगड्यांत दुपटीहून जास्त फरक दिसला असता, ती प्लेटवर ३० आणि २९ झाली. विधवेचं लाल आणि सवाष्णीचं काळं एकाच राखाडी छटेत जाऊन बसलं.

आता जावेचं निळं लुगडं घ्या: ५०, ८०, १५०. डोळ्याला ७९, प्लेटला ११५. आणि गव्हाळ चेहरा: १७५, १३०, १०५. डोळ्याला १४१, प्लेटला ११८. खऱ्या आयुष्यात लुगडं चेहऱ्यापेक्षा कितीतरी गडद होतं, फोटोत दोन्ही सारखीच झाली. त्वचेत लाल रंगाचा भाग मोठा असतो आणि प्लेट तोच मोजत नाही, म्हणून गव्हाळ माणूस फोटोत सावळा होतो आणि सावळा माणूस काळा. भर म्हणजे निळा प्रकाश त्वचेच्या वरच्या थरातच अडतो, लाल प्रकाश आत जाऊन पसरतो आणि त्वचा मऊ दाखवतो. लाल वगळला की सुरकुत्या, वांग, डाग सगळं जास्त ठळक. तिशीची बाई चाळिशीची दिसते.

सोन्याचंही असंच. पिवळ्या रंगात निळा फार कमी, म्हणून ठुशी आणि पाटल्या फोटोत काळपट येतात, फक्त ज्या कडेवर प्रकाश चमकला तेवढीच पांढरी रेघ दिसते. कुंकवाचं वेगळं सांगायला नको.

गोंदण मात्र उलट दिशेने जातं. त्वचेतलं गोंदण निळसर-हिरवं दिसतं. निळ्यावर भाळलेल्या प्लेटला ते गडद वाटतच नाही, त्यामुळे त्वचा आणि गोंदण यांतला फरक पुसट होतो. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या एकोणिसाव्या शतकातल्या ओल्या प्लेटवरच्या फोटोंत चेहऱ्यावरचं ठळक गोंदण जवळजवळ नाहीसं झालेलं दिसतं. मायकेल ब्रॅडली या छायाचित्रकाराने तीच जुनी पद्धत वापरून आजच्या माणसांवर हे दाखवूनही दिलं आहे. आपल्या आत्याच्या भुवयांमधलं आणि हनुवटीवरचं गोंदण असंच, असून नसल्यासारखं.

आणखी एक हात या चेहऱ्यावरून फिरला होता, तो रिटचिंगवाल्याचा. निगेटिव्हमध्ये चेहऱ्यावरचा काळा डाग पारदर्शक ठिपका म्हणून दिसतो. त्यावर टोकदार पेन्सिलने बारीक रेघा मारल्या की प्रिंटमध्ये तो उजळतो. देवीचे व्रण आणि डोळ्यांखालचं काळं असंच भरून निघायचं, आणि कधी कधी पैसे देणाऱ्याचा अख्खा चेहरा. म्हणून मूळ प्रिंट म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं सत्य, असंही नाही. फक्त त्यातली फसवणूक कोणत्या दिशेची आहे ते ठाऊक असतं.

सॉफ्टवेअर रंग शोधत नाही, भरतं

रंगीत करणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरची रीत एकच आहे. फोटोचे दोन भाग धरायचे: उजळपणा आणि रंगछटा. उजळपणा मूळ फोटोतून जसाच्या तसा घ्यायचा. रंगछटा फोटोत नाहीच, ती अंदाजाने भरायची. अंदाज कशावरून? लाखो आधुनिक रंगीत फोटो घेऊन ते संगणकाने राखाडी करतात आणि यंत्राला सांगतात, या राखाडीवरून मूळ रंग ओळख. चुकलं की दुरुस्ती, पुन्हा प्रयत्न. २०१८ मध्ये आलेल्या आणि बऱ्याच सेवांच्या मुळाशी असलेल्या डीओल्डीफाय या सॉफ्टवेअरचं शिक्षण इमेजनेट नावाच्या मोठ्या फोटोसंग्रहावर झालं. त्यात कुत्री, गाड्या, फळं, माणसं सगळं आहे. नऊवारीतल्या बायका किती असतील त्याचा अंदाज आपणच बांधावा.

इथे एक चूक मुळातच बसलेली आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. शिकवताना फोटो राखाडी केले ते डोळ्याच्या सूत्राने, म्हणजे लालला ३० टक्के वजन देऊन. त्यामुळे यंत्र शिकलं की लाल कपडा मध्यम गडद असतो आणि निळा कपडा गडद. मग त्याच्यापुढे ठेवला लालला शून्य वजन देणाऱ्या प्लेटचा फोटो. तिथे लाल कपडा काळा आहे आणि निळा उजळ. भाषा तीच समजून यंत्र वाचतं आणि अर्थ उलटा लावतं.

३० उजळपणाचं लुगडं दिसलं की ते काळा, गडद तपकिरी किंवा गडद निळा ठरवतं, कारण शिकताना एवढ्या गडद कपड्यांना बहुधा तेच रंग होते. आलवण गडद निळं झालं. चंद्रकळाही गडद निळी. जावेचं खरोखर निळं असलेलं लुगडं ११५ वर आहे, ते फिकट बदामी किंवा फिकट गुलाबी. आजोबांची लाल पगडी काळपट तपकिरी, कुंकू काळी टिकली, ठुशी लोखंडी.

"मग त्याला सांगू या ना, आलवण लाल कर म्हणून." हाताने रंग निवडू देणारी सॉफ्टवेअर आहेत. पण उजळपणा मूळ फोटोतलाच राहतो हे विसरू नका. ३० उजळपणावर लाल रंग भरला तर मिळतो शेंदूर नाही, डाळिंबी नाही, मिळतो जवळजवळ काळा तपकिरी. खरं आलवण ६४ वर होतं. ते आणायचं तर उजळपणाच वाढवावा लागेल, आणि मग तो फोटो रंगवणं राहत नाही, चित्र काढणं होतं. चेहऱ्यालाही हीच अडचण: छटा अगदी अचूक निवडली तरी ११८ वरचा चेहरा १४१ चा गव्हाळ दिसणार नाही.

प्रत्यक्षात चेहरा दोन दिशांना ओढला जातो. प्लेटने तो गडद केला. पण रिटचरने उजळ केला असेल, शंभर वर्षांत प्रिंट फिकट पडली असेल, आणि ॲपने रंग भरण्याआधी आपणहून कॉन्ट्रास्ट वाढवून उजेड चढवला असेल, तर तोच चेहरा गोरापान निघतो, गालांवर गुलाबीसकट. एकाच फोटोच्या दोन स्कॅनमधून एकदा सावळी आणि एकदा गोरी आत्या निघू शकते. तेव्हा "आमच्या घराण्यात सगळे गोरेच होते, हा बघा पुरावा" असं रंगीत फोटो दाखवून कोणी म्हणालं, तर त्यांच्याशी वाद घालू नये, पण मान्यही करू नये.

पांढऱ्या कपड्यांचं वेगळंच. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर आलेले लोक पांढऱ्या वस्त्रांत होते. त्या काळातला घरचा फोटो रंगवला की शुभ्र लुगड्याला मलईचा किंवा निळसर रंग चढतो, कारण यंत्राला कोरा पांढरा धीट वाटतो. नात विचारते, आजीची निळी साडी कुठे आहे?

ओळखीच्या खुणा कुठे जातात

इथवर रंगाचं झालं. पण ॲपमधलं एकच बटण बहुतेक वेळा दोन कामं करतं: रंग भरणं आणि चेहरा 'स्पष्ट' करणं. ओळख पटण्याच्या दृष्टीने दुसरं काम जास्त घातक आहे.

आपल्या फोटोत प्रत्येक चेहरा हनुवटीपासून कपाळाच्या वरपर्यंत सुमारे १.२ सेंटीमीटर आहे. खरा चेहरा १८ सेंटीमीटर धरला तर माणूस पंधरा पट लहान झालेला आहे. दीड सेंटीमीटरचं कुंकू फोटोत एक मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा गोंदणाचा ठिपका फोटोत ०.१३ मिलिमीटर.

मोबाईलने अख्ख्या पुठ्ठ्याचा फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला, की तो लांबीला साधारण १६०० पिक्सेलवर येतो. पुठ्ठ्याची लांबी साडेसोळा सेंटीमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला ९७ पिक्सेल. चेहऱ्याला मिळाले सुमारे ११६ पिक्सेल, कुंकवाला दहा, गोंदणाच्या ठिपक्याला एक-सव्वा. एका पिक्सेलची खूण ही खूण नसते, धुळीचा कण आणि ती यांत फरकच करता येत नाही.

चेहरा सुधारणारं सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ २०२१ चं जीएफपीगॅन, हा चेहरा घेऊन ५१२ पिक्सेलचा बनवतं. ११६ चे ५१२ म्हणजे लांबी-रुंदीत साडेचार पट, ठिपक्यांच्या संख्येत सुमारे वीस पट. नवीन चेहऱ्यातल्या दर वीस ठिपक्यांपैकी एकच मूळ फोटोतून आला, एकोणीस यंत्राने भरले. ते भरताना त्याने कोणाचे चेहरे आठवले? फ्लिकरवरून जमवलेल्या ७०,००० आधुनिक चेहऱ्यांचा एक संग्रह आहे, त्यावर ते शिकलं आहे. त्या चेहऱ्यांना देवीचे व्रण नाहीत. भुवयांमध्ये गोंदण क्वचित, नथीचं भोक क्वचित, दात पडून आत गेलेले गाल क्वचित. जे क्वचित ते यंत्राच्या लेखी दोष. आणि दोष काढणं हेच त्याचं काम.

म्हणून आत्याच्या हनुवटीवरचं गोंदण पुसलं जातं. देवीच्या व्रणांची खडबडीत त्वचा गुळगुळीत होते. एक पापणी किंचित झुकलेली असेल तर ती दुसरीसारखी होते, तिरळा डोळा सरळ होतो. भुवयांमधला ठिपका मात्र कधी कधी राहतो, आणि टिकली म्हणून रंगतो. विधवा आत्याच्या कपाळावर यंत्राने टिकली लावली, इथेच माईंची ओळख तुटली.

२०२० मध्ये 'पल्स' नावाच्या अशाच एका प्रयोगात बराक ओबामांचा मुद्दाम खडबडीत केलेला लहान फोटो टाकल्यावर एका गोऱ्या माणसाचा सुस्पष्ट चेहरा बाहेर आला होता. ओबामांचा चेहरा सगळ्या जगाला ठाऊक, म्हणून चूक लगेच पकडली गेली. महालातल्या आत्याचा चेहरा ठाऊक असणारी माणसं आता दोन किंवा तीन उरलेली असतात.

या दोन-तीन माणसांचीही एक अडचण आहे. माईंनी आत्याला पाहिलं ते तिच्या पन्नाशीत-साठीत. फोटोतली आत्या तिशीची. म्हणजे माईंना चेहरा जसाच्या तसा जुळवायचा नसतोच. त्या खुणा शोधतात: गोंदण, व्रण, कानाची पाळी, पुढे आलेला दात, आलवण. रंगीत फोटो नेमक्या याच खुणा काढून घेतो आणि बदल्यात देतो गुलाबी ओठ. ऑर्थो प्लेटवर ओठ गडद आलेले असतात, यंत्र त्यांना लाली लावतं. चेहरा आणि ओठ यांतला फरक जितका जास्त तितकं माणूस तरुण वाटतं. गुळगुळीत गाल आणि रंगलेले ओठ मिळून तिशीची विधवा वीस वर्षांची नवरी होते.

रंगावर आपला इतका विश्वास का बसतो, याचंही एक उत्तर आहे. यिप आणि सिन्हा या दोन संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं की चेहरा स्पष्ट असेल तर माणसं राखाडी फोटोवरूनही तितकंच चांगलं ओळखतात, पण चेहरा धूसर केला की रंगाची मदत बरीच होते. म्हणजे आकार कळेनासा झाला की मेंदू रंगाला धरतो. खऱ्या रंगाच्या बाबतीत ही सवय उपयोगाची आहे. लहान, पुसट चेहऱ्यावर खोटा रंग भरला, तर मेंदू त्यालाही तितक्याच निष्ठेने धरतो.

फोटोला कोणी काय केलं ते कसं कळेल

आलेला रंगीत फोटो नुसता रंगवला आहे की चेहराही बदलला आहे, हे आधी तपासा. साधा उपाय: फोनच्या एडिटमध्ये सॅच्युरेशन अगदी शून्यावर न्या. रंग गेला की मूळ स्कॅनशेजारी ठेवून बघा. फक्त रंग भरला असेल तर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतील. पापण्या मोजता येऊ लागल्या असतील, डोळ्यांत नवा चमकता ठिपका आला असेल, कपडे धूसर पण चेहराच तेवढा काचेसारखा स्वच्छ असेल, तर चेहरा नव्याने बनवलेला आहे.

संगणकावर इमेजमॅजिक हा आज्ञा लिहून फोटोवर काम करून घेणारा प्रोग्राम असेल तर हेच अधिक नेमकं करता येतं. दोन्ही फाइलींची लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये सारखी हवी.

```
magick mul.png -colorspace Gray a.png
magick rangit.png -colorspace Gray b.png
magick a.png b.png -compose difference -composite -evaluate multiply 4 farak.png
```

तिसऱ्या ओळीतून निघालेल्या फोटोत जिथे फरक नाही तिथे काळं, जिथे फरक आहे तिथे उजळ दिसतं. सगळीकडे हलकं धुकं आलं तर चालतं, ते सूत्रांतल्या किरकोळ फरकाचं असतं. डोळे, ओठ, भुवया यांच्या रेषा चमकून उठल्या तर तो चेहरा ओळखीसाठी वापरू नका.

प्लेट ऑर्थो होती का हे फोटोतच शोधा. कुंकू अगदी काळं, पुरुषांचेही ओठ गडद, सोनं काळपट आणि बाहेर काढलेल्या फोटोत आभाळ कोरं पांढरं, अशा दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर लाल रंग हरवलेला आहे असं धरून चाला. मग फोटोतल्या प्रत्येक काळ्या कपड्याबद्दल "काळा किंवा लाल" असं म्हणायचं. घरातल्यांना हे पटवायचं असेल तर कुंकू लावलेल्या, लाल लुगड्यातल्या एखाद्या काकूंचा आजच फोटो काढा आणि त्यातला फक्त निळा भाग वेगळा करा:

```
magick kaku.jpg -channel B -separate nila.png
```

कुंकू आणि लुगडं एका क्षणात काळं पडतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण हा लेख वाचून दाखवण्यापेक्षा याने काम लवकर होतं.

मूळ प्रिंट स्कॅन करताना १२०० डीपीआयवर, रंगीत मोडमध्ये, टिफ स्वरूपात करा आणि आपोआप सुधारणा करणारे सगळे पर्याय बंद ठेवा. १२०० डीपीआयला एका सेंटीमीटरला ४७२ पिक्सेल मिळतात. चेहरा ५६७ पिक्सेलचा होतो आणि गोंदणाचा तो ठिपका सहा पिक्सेलचा, म्हणजे निदान आहे की नाही हे बघण्याजोगा. चार बाय साडेपाच इंचांच्या प्रिंटची फाइल सुमारे ९५ एमबीची होते, होऊ द्या. पुठ्ठ्याची मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलने लिहिलेली नावं तिथेच असतात. स्कॅनर नसेल तर सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, प्रत्येक चेहऱ्याचा जवळून वेगळा फोटो काढा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसा पाठवला की तो लहान होत नाही.

आता माईंना विचारायचं. रंगीत फोटो आधी दाखवू नका, हे सर्वात महत्त्वाचं, कारण एकदा पाहिलेला रंग परत विसरता येत नाही. राखाडी चेहरे मोठे करून कागदावर छापा, एका ए-फोर कागदावर एक चेहरा. "ही आत्या आहे का?" असं विचारलं की वडीलधारी माणसं मुलांचं मन राखायला हो म्हणतात. त्याऐवजी फोटो दाखवण्याआधीच विचारा: आत्याच्या चेहऱ्यावर काय खूण होती, कान कसे होते, हातात काय असायचं? उत्तरं लिहून घ्या आणि मग कागद समोर ठेवा. दुसऱ्या नातेवाइकाला वेगळं बसवून विचारा, सगळ्यांना एका सोफ्यावर नको. सोफ्यावर सर्वात मोठ्या आवाजाचं म्हणणंच फोटोच्या मागे लिहिलं जातं.

आपल्या फोटोत हे केलं तर काय निघतं? रंग बाजूला ठेवले, आलवण आणि चंद्रकळा यांत प्लेट काहीच सांगत नाही हे मान्य केलं. मग नजर कापडावरून हातांवर जाते. चौथ्या बाईच्या मनगटावर काळपट पट्टे आहेत, त्यांच्या कडेला पांढरी चमक: सोन्याच्या पाटल्या. कपाळावर एक मिलिमीटरचा काळा गोल. दुसऱ्या बाईचं मनगट मोकळं, गळा मोकळा, पदर कपाळापर्यंत ओढलेला आणि त्याच्या कडेखाली केसांची रेघ नाही. हनुवटीवर, १२०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये, तीन पुसट ठिपके. माईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "हनुवटीवर तीन ठिपके गोंदले होते तिनं, लहानपणी यात्रेत."

पुठ्ठ्याच्या मागे शाईच्या पेनाने लिहू नका. मऊ पेन्सिलने लिहा: "डावीकडून दुसरी, आत्या. ओळख कोणी पटवली, कोणत्या खुणेवरून, तारीख." रंगीत प्रत ठेवायचीच असेल तर फाइलच्या नावातच `rangit` लिहा आणि फोटोच्या खालच्या पट्टीवर छापा: रंग अंदाजाने भरलेले, आलवण मुळात लाल.